मायन्यापासून इमोजीपर्यंत : इंग्रजी कार्यालयीन पत्रातील सुराचा इतिहास



या व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की एखादी मोहीम, एखादे घराणे किंवा एखादे दफ्तर असे काही तरी आपल्या मनात येते. मी आज फार लहान वस्तूंचा इतिहास सांगणार आहे. उभी रेघ आणि तिच्याखाली टिंब, म्हणजे उद्गारचिन्ह. इंग्रजीतली मोठी अक्षरे, ज्यांना आपण कॅपिटल म्हणतो. आणि हल्लीचे इमोजी. आपल्यापैकी अनेकांना बँकेला, परदेशातल्या विद्यापीठाला, नातवाच्या शाळेला इंग्रजीत ईमेल लिहावे लागतात. शब्द सगळे नम्र असतात, तरी कधी कधी समोरून उत्तर तुटक येते. ते का येते, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयासाठी एका जुन्या मराठी छापील पुस्तकाची प्रत परदेशातल्या एका ग्रंथालयाकडून हवी होती. मी रीतसर ईमेल पाठवला. पंधरा दिवस उत्तर नाही. मग मी स्मरणपत्र धाडले. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट रिमाइंडर’ हे दोन शब्द सगळे कॅपिटलमध्ये आणि पुढे तीन उद्गारचिन्हे. आत ‘रिस्पेक्टेड मॅडम’, ‘काइंडली’, ‘डू द नीडफुल’. पुस्तकाचे नाव कॅपिटलमध्ये, ‘ॲट द अर्लिएस्ट’ हे शब्द ठळक. आणि फार कडक वाटू नये म्हणून शेवटी जोडलेले हात व एक फूल. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले. तुमची विनंती क्रमाने पाहिली जाईल, आणि आमच्या कर्मचाऱ्यांशी सौजन्याने पत्रव्यवहार करावा ही अपेक्षा.

मला ते लागले. पत्रात एक शब्द उद्धट नव्हता. सूनबाई एका कंपनीत नोकरी करतात. त्यांना दाखवले, तर त्या म्हणाल्या, “बाबा, शब्द चांगले आहेत, पण पत्र ओरडतंय. आणि ओरडून झाल्यावर फूल दिलंय, त्यामुळे ते आणखीच विचित्र दिसतंय.” मी माझे पत्र पुन्हा वाचले. मला ओरड ऐकू आली नाही. जी ओरड लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही आणि वाचणाऱ्याला येते, ती कागदावर कुठून आली, हे शोधता शोधता हे व्याख्यान तयार झाले.

सुरुवात आपल्या जुन्या पत्रांपासून करू. होळकरांच्या, शिंद्यांच्या दफ्तरातली मोडी पत्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की त्यांत आजच्यासारखी विरामचिन्हे नाहीत. शब्दांमध्ये जागासुद्धा सोडलेली नसते. देवनागरीला किंवा मोडीला मोठी आणि लहान लिपी हा भेदच नाही. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, आणि त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मग त्याआधीच्या पत्रांत सूर नव्हता काय? होता, आणि फार काटेकोर होता. तो मायन्यात होता. ‘तीर्थरूप’ कोणाला, ‘राजश्री’ कोणाला, ‘चिरंजीव’ कोणाला. ‘साष्टांग नमस्कार’ कोठे आणि ‘आशीर्वाद’ कोठे. हे ठरलेले होते. शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’ आले की आधी पैशाचा तगादा असला तरी त्याची धार कमी होई. मायन्यातला एक शब्द खाली उतरला की वाचणारा समजून जाई की लिहिणारा रागावला आहे. राग दाखवायला चिन्ह लागत नव्हते, शब्द कमी केला की पुरे होई.

इंग्रजीतही हेच होते. अठराव्या शतकातला इंग्रज अधिकारी आपल्या प्रतिस्पर्ध्याला पत्र लिहितानाही शेवटी स्वतःला त्याचा अत्यंत आज्ञाधारक व नम्र सेवक म्हणवून घेई. पुढे ते झिजून ‘युवर्स फेथफुली’ आणि ‘युवर्स सिन्सिअरली’ झाले. ईमेलमध्ये तेही झिजले आणि ‘रिगार्ड्‌स’ उरले. दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरापर्यंत पोचेतो ‘डिअर’ही गळते आणि नुसता मजकूर राहतो. मला आज एवढेच सांगायचे आहे की मायना झिजला, पण मायन्याचे काम संपले नाही. ते काम चिन्हांच्या अंगावर येऊन पडले. आणि चिन्हांना ते नीट येत नाही, कारण मायन्याचा अर्थ ठरलेला होता. चिन्हाचा अर्थ मात्र आजूबाजूला इतर लोक काय करतात यावर ठरतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते कॅपिटल अक्षरांत. आमचे वडील इथल्या एका कापड गिरणीच्या कचेरीत टंकलेखक होते. त्यांनी टाइप केलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती माझ्याकडे आहेत. प्रत्येक पत्रात विषयाची ओळ कॅपिटलमध्ये आणि अधोरेखित. पक्षकाराचे नाव कॅपिटलमध्ये. रक्कम आकड्यांत आणि पुन्हा अक्षरांत. ही पत्रे कोणालाही ओरडल्यासारखी वाटत नव्हती. कारण सोपे आहे. टाइपरायटरवर अक्षर ठळक करता येत नाही, तिरके करता येत नाही, त्याचा आकार बदलता येत नाही. उठाव आणायचे मार्ग दोन-तीनच. एक म्हणजे कॅपिटल, दुसरा म्हणजे मागे येऊन खाली रेघ ओढणे, तिसरा म्हणजे अक्षरे सुटी सुटी मारणे. म्हणून कॅपिटलचा अर्थ ‘इथे लक्ष द्या’ एवढाच होता.

तारेत तर कॅपिटलला तेवढाही अर्थ नव्हता. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये मोठे अक्षर आणि लहान अक्षर हा फरक नाही. पुढे आलेल्या टेलिप्रिंटरचा संकेत पाच खुणांचा होता. पाच खुणांच्या बत्तीसच जुळण्या होतात. सव्वीस अक्षरे बसवली की फार थोडी जागा उरते, आणि आकडे व चिन्हे बसवायलाही तीच खूण दोन कामांना वापरावी लागते. दोन प्रकारची अक्षरे घ्यायला जागाच नव्हती. म्हणून तारेचा मजकूर सगळा कॅपिटलमध्ये येई. आपल्या घरांत तार आली की वाचण्याआधीच बायका डोळ्यांना पदर लावत, तो तारेच्या भीतीमुळे, अक्षरांच्या आकारामुळे नव्हे. मुलगा झाल्याची बातमीही त्याच अक्षरांत यायची.

संगणकांनी हा वारसा घेतला. अमेरिकेत अक्षरांसाठी जो प्रमाण संकेत १९६३ साली निघाला, त्यात लहान लिपी नव्हती. ती १९६७ च्या सुधारित आवृत्तीत आली. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ अनेक यंत्रे फक्त कॅपिटलच छापत. सगळेच कॅपिटल असले की कोणीच ओरडत नसते. गावातल्या सगळ्याच घरांना एकच रंग असेल तर रंगावरून घर ओळखता येत नाही, तसे.

बदल झाला तो लहान लिपी सर्वांच्या हाताशी आल्यावर. आता साधे लिहिणे म्हणजे लहान लिपीत लिहिणे झाले, आणि कॅपिटल ही निवड झाली. निवड झाली की ती का केली असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतो. १९८४ च्या सुमारास संगणकजाळ्यावर पत्रव्यवहार करणारे लोक एकमेकांना समजावताना दिसतात की सगळे कॅपिटल म्हणजे ओरडणे. ऑक्टोबर १९९५ मध्ये संगणकजाळ्यावरच्या शिष्टाचाराची एक अधिकृत मार्गदर्शिका निघाली. तिचा क्रमांक आरएफसी १८५५. तीत मोठी-लहान अक्षरे मिसळून लिहा, नुसती मोठी लिहिलीत तर ओरडल्यासारखे दिसते, असे स्पष्ट सांगितले आहे. गंमत म्हणजे ते वाक्य त्यांनी कॅपिटलमध्येच छापले आहे. माझे हे व्याख्यान देवनागरीत छापले जाईल तेव्हा मला ती सोय नाही. माझी ओरड तुम्हाला या पानावर दाखवताच येणार नाही, आणि मला ती ऐकू का आली नाही याचे अर्धे उत्तर इथेच आहे. ज्या लिपीत आपण वाचायला शिकलो, तिच्यात अक्षराला आवाज चढवता येत नाही.

जुनी आणि नवी समजूत किती काळ शेजारी शेजारी नांदल्या, त्याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेच्या नौदलात अधिकृत संदेश सगळे कॅपिटलमध्ये पाठवण्याचा नियम टेलिप्रिंटरच्या काळापासून होता. तो २०१३ साली सैल झाला. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडची तार बंद झाली. अमेरिकेच्या हवामान खात्याने कॅपिटल सोडण्याची घोषणा २०१६ साली केली. म्हणजे वादळाचा इशारा इतकी वर्षे कॅपिटलमध्ये येत होता, आणि मासेमारांच्या दृष्टीने ती नुसती पद्धत होती. कॅपिटलमध्ये सूर आहे की नाही, हे कोण वाचतो आहे यावर होते.

आता एक खटला पाहू, कारण त्यात हा प्रश्न नोकरीपर्यंत गेला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे आरोग्यसेवेच्या एका कंपनीत हिशेब सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. २००७ मध्ये त्यांना कामावरून काढले. त्यांच्या ईमेलमुळे सहकाऱ्यांत कलह होतो, असा आरोप होता. त्या कॅपिटल वापरत, अक्षरे ठळक करत, लाल आणि निळा रंग देत. प्रकरण रोजगारविषयक प्राधिकरणापुढे गेले, तेव्हा पुरावा म्हणून एक ईमेल पुढे आला. त्यात सहकाऱ्यांनी खर्चाच्या दाव्याचा अर्ज कसा भरावा हे सांगितले होते. तारीख आणि वेळ ठळक लाल अक्षरांत होती. एक वाक्य निळ्या ठळक कॅपिटलमध्ये होते, आणि त्याचा आशय एवढाच की तुमचा दावा मंजूर होऊन पैसे मिळावेत म्हणून खालची यादी पाळा. ‘प्लीज’ हा शब्दही त्यात होता.

हे वाक्य माझ्या वडिलांच्या हाती दिले असते तर त्यांनी ते काळजीने लिहिलेले म्हटले असते. हिशेबनीस माणसाला अर्ज परत जाऊ नयेत असे वाटते, म्हणून तो ज्या ठिकाणी चूक होते तिथे खूण करतो. पण ज्यांना ते रोज मिळत होते त्यांना ते वरून आलेल्या दटावणीसारखे वाटले. दोघेही प्रामाणिक होते. त्या कचेरीत ईमेल कसा लिहावा याचा काही नियम आधी घालून दिलेला नव्हता, ही गोष्ट सुनावणीत पुढे आली. २००९ मध्ये त्यांना काढून टाकणे अन्याय्य ठरले आणि १७,००० न्यूझीलंड डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला. बाई जिंकल्या, पण त्यांची नोकरी गेली ती गेलीच. त्यांना आपला सूर ऐकू आला नव्हता, आणि कोणी वेळेवर सांगितलेही नव्हते.

स्वतःचा सूर ऐकू न येणे हा काही एकट्यादुकट्याचा दोष नाही. अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्ये उपरोधाने आणि काही सरळपणे लिहायला सांगितली आणि विचारले, वाचणाऱ्याला किती वेळा बरोबर कळेल? त्यांचा अंदाज साधारण ७८ टक्के होता. ईमेल वाचणाऱ्यांना बरोबर कळले सुमारे ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणे उडवण्याहून फारसे चांगले नाही. तीच वाक्ये आवाजात ऐकवली तेव्हा ओळख पुष्कळ अधिक होती. कारण असे की लिहिताना आपण आपले वाक्य मनात आपल्याच आवाजात ऐकत असतो आणि तो आवाज कागदावर उतरला असेच धरून चालतो. मी ‘अर्जंट’ लिहिले तेव्हा माझ्या मनात आर्जव होते. कागदावर फक्त मोठी अक्षरे होती.

उद्गारचिन्हाची वाट उलट दिशेने गेली. कॅपिटल साधे होते ते कडू झाले. उद्गारचिन्ह तीव्र होते ते सौम्य झाले. हे चिन्ह चौदाव्या शतकात इटलीत दिसू लागले. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘नोट ऑफ ॲडमिरेशन’ म्हणत, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ होता आश्चर्य. पुढे नाटक, कविता, भाषण यांत ते रमले. व्यापारी पत्रात त्याला जागा नव्हती. माझ्या वडिलांच्या टाइपरायटरवर तर त्याची कळच नव्हती. आधी अपॉस्ट्रॉफी मारायची, मग एक घर मागे यायचे आणि त्याच जागी पूर्णविराम मारायचा. तीन ठोक्यांत एक चिन्ह. अशा अनेक यंत्रांवर हीच तऱ्हा होती. गिरणीच्या पत्रात इतके कष्ट घेऊन आश्चर्य दाखवायचे कारणच पडत नसे. त्यांच्या कार्बन प्रतींत मला एकही उद्गारचिन्ह सापडले नाही.

संगणकाच्या कळफलकावर ते एका ठोक्यावर आले, आणि जे काम पूर्वी दूरध्वनीवर आवाजाने होई ते ईमेलवर आले. २००६ मध्ये कॅरल वासेलेस्की यांनी ग्रंथपालांच्या व्यावसायिक चर्चेच्या पत्रांतली दोनशे उद्गारवाक्ये तपासली. उद्गारचिन्ह म्हणजे भावनेच्या भरात लिहिणे, आणि तो बायकी स्वभाव, अशी एक जुनी समजूत होती. त्यांना आढळले की स्त्रिया ते अधिक वापरत होत्या खऱ्या, पण उतावीळपणा दाखवायला ते क्वचितच येत होते. बहुतेक वेळा त्याचे काम मैत्रभाव दाखवणे किंवा एखाद्या माहितीवर जोर देणे हे होते. ‘थँक्स’च्या पुढचे उद्गारचिन्ह म्हणजे आश्चर्य नव्हे. ते आपल्या ‘लोभ असावा’चे धाकटे भावंड आहे.

आपल्याला हे परके वाटू नये. आपली लग्नपत्रिका आठवा. वर श्रीगणेशाय नमः, मग वडीलधाऱ्यांचे ‘अगत्य येण्याचे करावे’, त्यात उद्गारचिन्ह नाही. आणि अगदी खाली घरातल्या पोरांची ओळ, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ तिथे ते आहेच, आणि नसते तर ती ओळ रुसल्यासारखी वाटली असती. एका कागदावर दोन आवाज आहेत आणि चिन्ह कोणत्या आवाजाचे ते आपल्याला न शिकवता कळते. इंग्रजी ईमेलमध्ये अडचण ही की तो वडीलधाऱ्यांचा आणि पोरांचा असा दोन्ही आवाजांचा कागद झाला आहे, आणि दोन्हीची जागा वेगळी छापलेली नाही.

एकदा सगळेच ‘थँक्स’ला उद्गारचिन्ह जोडू लागले की ज्याने जोडले नाही तो थंड वाटू लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांना मोबाइलवरचे छोटे निरोप वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते उत्तर त्यांना कमी मनापासूनचे वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असले तर पूर्णविरामाने काही फरक पडला नाही. म्हणजे शतकानुशतके निरुपद्रवी असलेले टिंबसुद्धा, ते ठेवण्याची चाल जिथे उरली नाही तिथे, बोलू लागले. औपचारिक ईमेलमध्ये पूर्णविराम अजून शाबूत आहे, तिथे त्याची भीती नको. पण चिन्ह एक असले तर स्नेह, तीन असली तर तगादा, आणि ‘रिमाइंडर’ या शब्दापुढे असले तर एकही तगादाच. तेच चिन्ह ‘थँक्स’पुढे हसते आणि मागणीपुढे बोट रोखते.

आता हसऱ्या चेहऱ्याकडे येऊ. त्याची जन्मतारीखही ठाऊक आहे, १९ सप्टेंबर १९८२. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या फलकावर कोणी तरी विनोद केला होता की प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ते खरेच वाटले. तेव्हा स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवले की विनोदापुढे :-) अशी खूण करावी आणि जे विनोद नाही त्यापुढे :-( अशी. म्हणजे या चेहऱ्याचा जन्मच सूर न कळल्याच्या अडचणीतून झाला. पुढे जपानमध्ये १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ लहान चित्रे तयार केली; प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत. ‘इमोजी’ हा शब्द जपानी, ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचा संबंध नाही, जरी तसे वाटते. २०१० मध्ये ही चित्रे युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात आली आणि सगळ्या देशांत पोचली.

माणसाने समोर उभे राहून स्मित केले तर तो प्रेमळ वाटतो, आणि कामाला चांगला असेही वाटते. मग पत्रातल्या स्मिताने तेच व्हायला हवे. एला ग्लिकसन, एरिक चेशिन आणि गेर्बेन व्हान क्लीफ यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तपासले. २९ देशांतले ५४९ लोक त्यात होते. त्यांना अनोळखी माणसाचा कामाविषयीचा ईमेल वाचायला दिला, कोणाला हसऱ्या चेहऱ्यासह, कोणाला चेहऱ्याविना. छायाचित्रातल्या खऱ्या स्मिताने प्रेमळपणाही वाढला आणि योग्यतेचा ग्रहही वाढला. ईमेलमधल्या चेहऱ्याने प्रेमळपणा वाढला नाही, आणि योग्यतेविषयीचे मत मात्र खाली आले. उत्तरे लिहायला सांगितली तेव्हा चेहरा नसलेल्या पत्राला कामाची माहिती अधिक मिळाली. पत्र अनौपचारिक असेल तर हा तोटा दिसला नाही, तिथे चेहऱ्याने ऊब वाढली. लक्षात घ्या, हे निष्कर्ष पहिल्या भेटीचे आहेत. दहा वर्षांच्या ओळखीतल्या सहकाऱ्याला हे लागू करू नये.

माझ्या जोडलेल्या हातांचे आणखी एक दुखणे होते. ते चित्र आपल्याला नमस्कार वाटते. जपानमध्ये ते विनंती किंवा आभार आहे, पुष्कळ पाश्चात्त्यांना ती प्रार्थना वाटते, आणि काहींना तर दोन माणसांनी एकमेकांना दिलेली टाळी. त्या ग्रंथपाल बाईंनी माझ्या तीन उद्गारचिन्हांनंतर ते हात पाहून काय समजावे?

औपचारिक व्यवहारात चित्राचा अर्थ शेवटी कसा ठरतो, याचा निवाडा कॅनडात झाला. तो मोबाइलवरच्या निरोपाचा होता, ईमेलचा नव्हे, पण मुद्दा तोच. २०२१ मध्ये सास्काचेवान प्रांतातल्या एका धान्य खरेदीदार कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचे छायाचित्र पाठवून दुजोरा मागितला. उत्तरात उंचावलेला अंगठा आला. पुढे जवसाचे भाव चढले आणि माल आला नाही. शेतकऱ्याचे म्हणणे, अंगठा म्हणजे कागद मिळाला एवढेच. न्यायालयाने मागचे व्यवहार पाहिले. याआधी अशाच कागदांवर त्याने ‘ओके’ किंवा ‘बरोबर’ अशी एका-दोन शब्दांची उत्तरे दिली होती आणि प्रत्येक वेळी माल पोचवला होता. म्हणून २०२३ मध्ये निकाल झाला की हा अंगठा म्हणजे सही, आणि ८२ हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. २०२४ मध्ये अपिलातही ते कायम राहिले. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब होत असे. त्या मोर्तबावर ‘मी कबूल आहे’ असे काही लिहिलेले नसे. रिवाजाने त्याचा अर्थ कबुली होता. अंगठ्याचेही तेच झाले.

आता माझ्या पत्राकडे परत येतो. सूनबाईंनी ते दुरुस्त करताना एक साधी तऱ्हा वापरली. कॅपिटल, ठळकपणा, उद्गारचिन्हे आणि चित्रे सगळी काढून टाकली आणि मला म्हणाल्या, “आता वाचा. काय कमी झालं?” मला वाटले, घाई कमी झाली. त्या म्हणाल्या, “मग घाई का आहे ते लिहा ना.” आणि मला कळले की मी ते कुठेच लिहिले नव्हते. पंधरा एप्रिलला आमचे प्रदर्शन होते, त्याआधी प्रत हवी होती. ‘अर्जंट’ या शब्दाच्या आड माझे कारणही लपले होते आणि तारीखही. नव्या पत्राची विषयाची ओळ साधी होती, चार मार्चची विनंती आणि पुस्तकाचे नाव, प्रत्येक शब्द रीतीप्रमाणे. आत तीन वाक्ये. मी अमुक दिवशी लिहिले होते. आमचे प्रदर्शन पंधरा एप्रिलला आहे. तोवर जमणार नसेल तर तसे कळवले तरी पुष्कळ आहे, आम्ही दुसरी सोय करू. मागच्या पत्राच्या सुराबद्दल एका ओळीत दिलगिरी. पुस्तकाचे नाव तिरक्या अक्षरांत, कारण इंग्रजीत त्याची तीच रीत आहे. उद्गारचिन्ह एकही नाही.

चार दिवसांनी प्रत आली. सोबतच्या उत्तरात बाईंनी प्रदर्शनाला शुभेच्छा दिल्या होत्या आणि शेवटी लिहिले होते, मदत करता आली याचा आनंद वाटला, पुढे एक उद्गारचिन्ह. पूर्वी मी म्हटले असते, एवढ्या मोठ्या ग्रंथालयातल्या बाई आणि शाळकरी पोरीसारखे लिहितात. आता मी ते ‘लोभ असावा’ असे वाचले. मी आभाराचे उत्तर लिहिले आणि ‘थँक यू’पुढे बराच वेळ कर्सर लुकलुकत ठेवला. वडील असते तर तीन ठोके मारावे लागले असते, आणि त्यांनी मारले नसते. मी एक मारला.